जाळे घेऊन उडणाऱ्या चिमण्या आणि कोऱ्या सेलचे रहस्य

१/९
दूरदर्शनवर वाढलेल्या पिढीला ‘एक अनेक और एकता’ हा छोटा ॲनिमेशनपट आजही आठवतो. १९७४ साली फिल्म्स डिव्हिजनने तो प्रसिद्ध केला. दिग्दर्शन विजया मुळे यांचे, संगीत वसंत देसाई यांचे, तर ॲनिमेशन भीमसेन खुराना यांचे. जाळ्यात अडकलेल्या चिमण्या एकजुटीने जाळ्यासकट उडतात, हे त्यातील गाजलेले दृश्य. त्या काळी असे दृश्य कसे घडवले जात असे, त्याचा हा वृत्तान्त.

२/९
आधी थोडा हिशेब. चित्रपटाच्या एका सेकंदात २४ चौकटी असतात. सात मिनिटांच्या चित्रपटात दहा हजारांहून अधिक. एक चित्र सलग दोन चौकटी टिकवले, तरी पाच हजारांवर छायाचित्रणे उरतात. इतके श्रम वाया जाऊ नयेत म्हणून चूक शक्य तितक्या लवकर, कागदावरच पकडायची, या एकाच हेतूने कामाचा सारा क्रम ठरला.

३/९
हा क्रम मुंबईत रुजला तो फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात. १९५६ साली डिस्नेचे ॲनिमेटर क्लेअर वीक्स तेथे प्रशिक्षणासाठी आले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली जातककथेवरील ‘द बॅनियन डिअर’ १९५७ मध्ये तयार झाला. पुढे भारतीय ॲनिमेशनचे अध्वर्यू ठरलेले राम मोहन याच विभागात घडले.

४/९
पहिली पायरी स्टोरीबोर्डची. प्रत्येक दृश्याचे एक-दोन रेखाटन काढून ती भिंतीवर ओळीने लावली जातात. चिमण्या डावीकडून उजवीकडे उडत असतील आणि पुढच्या चित्रात उलट दिशेने, तर त्या परत फिरल्या असे प्रेक्षकाला वाटेल. असा घोटाळा येथेच उघड होतो.

५/९
स्टोरीबोर्डला दिशा कळते, वेळ कळत नाही. ती उणीव ॲनिमॅटिक भरून काढते. तीच स्थिर रेखाटने ध्वनीसोबत, प्रत्येकी ठरलेल्या कालावधीपुरती दाखवायची. डिस्नेकडे १९३० च्या दशकात याला ‘लायका रील’ म्हणत. गीतावर आधारलेल्या चित्रपटात गाणे आधी ध्वनिमुद्रित करणे सोयीचे असते, कारण चित्राची लांबी सुरांच्या मापाने ठरते. उड्डाण रेंगाळते आहे की घाईत उरकते आहे, हे येथे कानांना आणि डोळ्यांना एकदमच समजते.

६/९
समजा, उड्डाणाचे दृश्य चार सेकंदांचे ठरले. म्हणजे ९६ चौकटी. पंखांच्या एका फडफडीसाठी आठ चित्रे काढली आणि प्रत्येक दोन चौकटी टिकवले, तर १६ चौकटींत एक फडफड होते. तीच आठ चित्रे सहा वेळा फिरवली की दृश्य पूर्ण. कोणते चित्र कोणत्या चौकटीत आणि कोणत्या थरावर, हे सारे एक्स्पोजर शीटवर नोंदवले जाई. पेन्सिलच्या चित्रांचे आधी चाचणी-छायाचित्रण करून हालचाल तपासली जाई. मगच ती पारदर्शक सेलवर उतरवून मागील बाजूने रंगवत.

७/९
आज संगणकावर होणारे कंपोझिटिंग, म्हणजे सारे थर एकत्र करणे, तेव्हा प्रत्यक्ष कॅमेऱ्याखाली होई. तळाशी आकाशाचे चित्र, त्यावर जाळ्याचा सेल, त्यावर चिमण्यांचा, आणि वरून दाबणारी काच. सारे थर खुंट्यांवर बसवून एकेक चौकट टिपायची. मधेच धुळीचा कण वा बोटाचा ठसा राहिला, तर तो फिल्म धुऊन आल्यावरच कळे आणि ते दृश्य पुन्हा टिपावे लागे.

८/९
खरी अडचण मात्र सेलच्या पारदर्शकतेतच होती. सेल पूर्ण पारदर्शक नसतो, प्रत्येक थर थोडा प्रकाश अडवतो. त्यामुळे खालचे रंग किंचित मंद दिसतात. एक चिमणी चौकटीबाहेर गेली आणि तिचा सेल काढला, तर मागचे आकाश एकदम उजळते. म्हणून तेथे कोरा सेल ठेवत. दृश्यभर थरांची संख्या सारखीच राखावी लागे, आणि थर चार-पाचांहून वाढवणे टाळले जाई.

९/९
आज विरारमधील एखाद्या खोलीत, एकाच संगणकावर कितीही थर रचता येतात आणि कोऱ्या सेलची गरज उरलेली नाही. थर चुकला तर तो क्षणात बदलता येतो. हाताने काढलेले चित्र मात्र आजही तितकाच वेळ घेते. ॲनिमॅटिकमध्ये एक सेकंद कापणे म्हणजे निमिषभराचे काम, पण सलग नव्या चित्रांनी रंगवलेल्या दृश्यातून तोच सेकंद कापला, तर बारा चित्रे वाया जातात. म्हणून कंपोझिटिंग सोपे झाले तरी स्टोरीबोर्ड आणि ॲनिमॅटिक पहिल्या स्थानीच राहिले. जुना सेलपट पाहताना एखादे पात्र येता-जाता स्थिर पार्श्वभूमीचा रंग किंचित बदलला, तर समजावे, तेथे कोणीतरी कोरा सेल ठेवायला विसरले होते.