बूटस्ट्रॅप पुनर्नमुना पद्धती

हाती असलेल्या एकाच नमुन्यातून पुन्हा पुन्हा नमुने काढून एखाद्या आकड्याची अनिश्चितता मोजण्याची संगणकीय रीत. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडली एफ्रन यांनी ती १९७९ मध्ये मांडली. सरासरीच्या प्रमाण त्रुटीला सोपे सूत्र आहे. मध्यकाला तसे नाही. तिथे ही रीत कामी येते.

एफ्रन आणि टिबशिरानी यांच्या पुस्तकातले उदाहरण पाहू. उपचार दिलेले सात उंदीर शस्त्रक्रियेनंतर १६, २३, ३८, ९४, ९९, १४१ आणि १९७ दिवस जगले. मध्यक ९४.

आता या सातांतून एक आकडा उचलायचा, नोंदवायचा आणि परत ठेवायचा. असे सात वेळा. समजा, ३८, १६, १४१, ३८, १९७, २३, ३८ आले. याचा मध्यक ३८. हीच कृती हजारो वेळा केली, की मध्यकांचा ढीग जमतो. त्याचे प्रमाण विचलन सुमारे ३८ दिवस, आणि मधले ९५ टक्के मध्यक २३ ते १४१ दिवसांत पडतात. म्हणजे ९४ या आकड्यावर फार भिस्त ठेवता येत नाही.

यंत्रशिक्षणातल्या मॉडेलच्या गुणांची अनिश्चितता मोजायलाही चाचणीसंचातल्या ओळी अशाच उचलतात; उत्तर आणि भाकीत यांची जोडी मात्र फोडायची नाही. मॉडेल तेच राहते, त्यामुळे प्रशिक्षणातली अनिश्चितता यात धरली जात नाही.

एकाच रुग्णाच्या अनेक ओळी असतील, तर सुट्या ओळींऐवजी अख्खा रुग्ण उचलावा. नाहीतर पल्ला फसवा अरुंद येतो. नमुना लहान असेल, तर फेऱ्या वाढवूनही माहिती वाढत नाही: वरच्या उदाहरणात मध्यक त्या सात आकड्यांपैकीच एक असणार.