गडद पार्श्वभूमीवरील गडद विषयाचे कटआउट

छायाचित्र-संपादनातील एक पद्धत. विषय आणि त्याच्यामागची पार्श्वभूमी दोन्ही जवळजवळ सारख्याच काळ्या असल्या, की कडा डोळ्यांना दिसत नाही आणि निवड करणारी साधनेही चुकतात. अशा वेळी कर्व्हजने चित्रातील सावल्या तात्पुरत्या उजळून कडा शोधतात, तिच्यावरून पाथ आखतात आणि काम झाले की उजळणी काढून टाकतात. मूळ चित्राचा काळोख जसाच्या तसा राहतो. चित्राला जोडला जातो तो फक्त मास्क.

वाराणसीच्या घाटांवर या पद्धतीची गरज वारंवार पडते, आणि त्याचे कारण भौगोलिक आहे. गंगा येथे उत्तरेकडे वाहते. शहर आणि घाट पश्चिम तीरावर आहेत, तर समोरचा तीर म्हणजे बहुतांशी मोकळी रेती. त्यामुळे सूर्यास्तानंतर नागपूरकर भोसल्यांच्या भोसले घाटावरून पूर्वेकडे कॅमेरा धरला, की पाणी, रेती आणि आकाश मिळून एकच काळा पडदा होतो. थंडीत काळी शाल पांघरून नावेत उभा असलेला नावाडी या पडद्यात विरून जातो. चेहऱ्यावर घाटाकडचा थोडा उजेड असतो, पण खांदा आणि पाठ दिसत नाहीत.

असे चित्र उदाहरणादाखल घेऊ. 8 बिटच्या चित्रात 0 म्हणजे पूर्ण काळा आणि 255 म्हणजे पूर्ण पांढरा. फोटोशॉपच्या `Info` पॅनेलमध्ये पाहिल्यावर शालीचा आकडा 16च्या आसपास आणि मागच्या काळोखाचा 9च्या आसपास दिसतो. सातांचा हा फरक पडद्यावर जाणवत नाही. चित्राच्या वर `Curves`चा ॲडजस्टमेंट लेयर घ्यायचा आणि इनपुट 16 असलेला बिंदू उचलून आउटपुट 90 वर न्यायचा. आता शाल 90 होते आणि पार्श्वभूमी साधारण 51. सातांचा फरक सुमारे एकोणचाळीसचा झाला, आणि खांद्याची रेघ उमटली. चेहरा व दिव्यांची प्रतिबिंबे फटफटीत पांढरी पडतात, पण हा लेयर शेवटी जाणार असल्याने त्याची चिंता नसते.

या रेघेवरून पेन टूलने पाथ आखतात. पाथ कडेच्या एक-दोन पिक्सेल आत ठेवला, तर कटआउट उजळ पार्श्वभूमीवर ठेवल्यावर काळी किनार दिसत नाही. नंतर पाथची निवड करून नावाड्याच्या मूळ लेयरवर मास्क लावतात आणि कर्व्हजचा लेयर काढून टाकतात. पेनऐवजी क्विक सिलेक्शन वापरायचे असेल, तर `Sample All Layers` चालू करावे लागते. नाहीतर ते साधन उजळलेले चित्र न पाहता खालचा काळोखच पाहते. केस, शालीचे मोकळे धागे अशा ठिकाणी पाथची कठोर रेघ खोटी वाटते. तिथे मास्कवर मऊ ब्रशने हाताने काम करतात.

या पद्धतीत मुख्य धोका खोट्या कडेचा. सावली उजळताना तिच्यातला नॉइजही तितक्याच पटीने वाढतो: वरच्या उदाहरणात दोन अंकांची थरथर अकराच्या घरात जाते, आणि ठिपक्यांचा पुंजका कडेसारखा दिसू लागतो. जेपेग फाइलमध्ये तर 8×8 पिक्सेलचे चौकोन उघडे पडतात. खरी कडा ओळखण्याची खूण सोपी आहे: ती शरीराच्या वळणाप्रमाणे वळते. चौकोनांची कडा सरळ आडवी-उभी धावते आणि ठरावीक अंतराने पुन्हा येते. शंका असेल तेव्हा लाल, हिरवा व निळा हे चॅनेल वेगवेगळे पाहावेत. बरेचदा एकाच चॅनेलमध्ये कडा स्वच्छ असते. तरीही रेघ तुटक राहिली, तर दोन्ही बाजूंना पक्की दिसणारी टोके घेऊन मधला भाग अंगाच्या बांध्यानुसार जोडतात.

पद्धतीची मर्यादा स्पष्ट आहे. शाल आणि काळोख दोन्हीचे आकडे 0 असतील, तर उचलायला काहीच नसते; कर्व्ह फरक वाढवतो, निर्माण करत नाही. म्हणून आधी `Info` पॅनेलमध्ये दोन्ही बाजूंचे आकडे तपासावेत. चित्र रॉ स्वरूपात घेतलेले असेल, तर तीच फाइल पुन्हा उघडून एक्स्पोजर वाढवून पाहावे, कारण 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक चॅनेलच्या 16,384 पायऱ्या असतात, तर 8 बिटच्या जेपेगमध्ये 256. जेपेगमध्ये शून्यावर गेलेली कडा रॉमध्ये बरेचदा शिल्लक असते. तिथेही नसेल, तर ते चित्र कटआउटला घेऊ नये.