जबिहा आणि ईश्वरनाम: एका आयतीवरून पडलेला मतभेद

सुरी चालविणाऱ्याने अल्लाहचे नाव जाणूनबुजून घेतले नाही, तर त्या प्राण्याचे मांस हलाल ठरते काय? या प्रश्नावर अभिजात इस्लामी धर्मशास्त्राच्या, म्हणजे फिक्हच्या, सुन्नी शाखांत एकमत नाही. नामोच्चार विसरून राहिला असेल, तर हनफी, मालिकी आणि हंबली शाखांतील प्रचलित मतानुसार मांस वैध ठरते. मात्र तो हेतुतः टाळला असेल, तर ते निषिद्ध होते. शाफई शाखेत नामोच्चार ही सुन्नत आहे. तो टाळणे अनुचित मानले जाते, पण त्यामुळे मांस हराम होत नाही.

वादाचे मूळ कुराणातील सहाव्या सूरेच्या १२१ व्या आयतीत आहे. ज्यावर अल्लाहचे नाव घेतले गेले नाही ते खाऊ नये आणि ते ‘फिस्क’, म्हणजे आज्ञाभंग, आहे, असा तिचा आशय. हनफी पंडित या निषेधाचा सरळ अर्थ घेतात. शाफई पंडितांच्या मते ‘ते फिस्क आहे’ हा भाग स्वतंत्र विधान नसून निषेधाला घातलेली अट आहे: फिस्क असेल तेव्हाच खाऊ नये. फिस्क म्हणजे काय, याचे उत्तर त्यांना त्याच सूरेच्या १४५ व्या आयतीत मिळते. तेथे तो शब्द अल्लाहखेरीज अन्य कोणाच्या नावाने कापलेल्या प्राण्यासाठी आला आहे. एवढा मोठा भेद ‘व’ या एका अरबी उभयान्वयी अव्ययाच्या अर्थावर उभा आहे.

बुखारी यांच्या संग्रहातील हदीसही दोन्ही पक्ष पुढे करतात. नवमुस्लिमांनी आणलेल्या मांसावर नाव घेतले होते की नाही हे कळत नाही, अशी शंका पैगंबरांसमोर आली, तेव्हा त्यांनी स्वतः नाव घेऊन खाण्यास सांगितले. नामोच्चार अनिवार्य असता तर शंकास्पद मांसाला मुभा मिळाली नसती, हा शाफई युक्तिवाद. मुसलमानाने नाव घेतलेच असेल असे गृहीत धरावे, एवढेच यातून निघते, हे हनफी उत्तर. बाराव्या शतकातील ‘हिदाया’ या हनफी ग्रंथात मरगीनानी यांनी शाफईंचे मत पूर्वसूरींच्या एकमताविरुद्ध असल्याचे म्हटले आहे. दोन मान्य शाखांमधील वादात अशी कठोर भाषा विरळाच.

गळ्यावरील छेदाबाबतही असाच पेच आहे. श्वासनलिका आणि अन्ननलिका पूर्ण कापल्या गेल्या, पण दोन्ही बाजूंच्या मोठ्या रक्तवाहिन्या शाबूत राहिल्या, तर शाफईंच्या दृष्टीने जबिहा पूर्ण होतो. अबू हनीफा यांच्या मते या चारपैकी कोणतेही तीन अवयव तुटावे लागतात, म्हणून तो अपुरा. मालिकींना श्वासनलिकेसह दोन्ही रक्तवाहिन्यांचा छेद हवा असतो, त्यामुळे त्यांच्याही लेखी तो अवैध.

भारतात बहुसंख्य सुन्नी मुस्लिम हनफी आहेत, तर कोकण व मलबारच्या किनाऱ्यावर शाफई परंपरा रुजलेली आहे.