ऐनवेळचे विषय

परवा सोसायटीचं जुनं कपाट आवरताना वार्षिक सभांच्या सूचनांची एक फाइल हाती लागली. पिवळे पडलेले, सायक्लोस्टाइल केलेले कागद. वर तारीख, वार, वेळ, स्थळ 'सोसायटीच्या आवारात', आणि खाली तेच ते विषय: मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, अहवाल व हिशेबपत्रके मंजूर करणे, अंतर्गत हिशेबतपासनीस नेमणे. शेवटी, अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.

या मजकुराची परंपरा बरीच जुनी. 1904 च्या सहकार कायद्यात फक्त पतसंस्थांना जागा होती. 1912 च्या कायद्याने इतर संस्थांनाही दार उघडलं आणि 1915 साली मुंबईत गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. त्यामागे होते श्रीपाद सुब्राव तालमकी. इमारत संस्थेची, राहणारा तिचा सभासद. म्हणजे घरमालक कोण, तर वर्षातून एकदा सतरंजीवर बसणारी सभा! आणि या मालकाला बोलावण्याचा कागद म्हणजे ही सूचना.

फाइलमधली 1994 ची सूचना मी दोनदा वाचली, कारण त्या सभेनंतरचं भांडण मला आठवतं. आमची चोवीस बिऱ्हाडं. सभा रविवारी, 7 ऑगस्टला. चौदा पूर्ण दिवसांची सूचना हवी, त्यात कागद हाती पडल्याचा दिवस आणि सभेचा दिवस धरायचा नाही. म्हणून 23 जुलैला घरोघरी सह्या घेतलेल्या. इथवर चोख.

सोबतच्या उत्पन्न-खर्च पत्रकात 4,300 रुपये वाढावा होता. सगळे खूश. पण महिना 150 रुपयांप्रमाणे चोवीस जणांचे वर्षाचे 43,200 रुपये तिथे 'उत्पन्न' म्हणून लिहिले होते. बिल फाडलं की उत्पन्न धरायचं, पैसे आलेत की नाहीत ते या पत्रकात दिसत नाही. ते दिसतं ताळेबंदात, 'सभासदांकडून येणे' या ओळीत. ती रक्कम वर्षभरात 6,000 वरून 15,500 झाली होती. म्हणजे 9,500 रुपये आलेच नव्हते, आणि बँकेतली शिल्लक 5,200 नी उतरली होती. वाढावा कागदावर, खड्डा बँकेत. सभेत मात्र 'हिशेब वाचले असे समजण्यात यावे' म्हणून दोन मिनिटांत मंजूर.

गणपूर्तीला आमच्या उपविधींप्रमाणे दोन-तृतीयांश, म्हणजे सोळाजण हवे होते. नऊ आले. पण सूचनेच्या तळाशी नेहमीचं वाक्य होतंच: गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच जागी भरेल, तिला गणपूर्तीची अट राहणार नाही. चहा झाला, अर्धा तास गेला, सभा कायदेशीर झाली.

मग ऐनवेळच्या विषयात गच्ची निघाली. गळतीचं काम 36,000 रुपयांचं. बँकेत तेवढे नाहीत, म्हणून प्रत्येकी 1,500 काढावेत. नऊही हात वर! पुढच्या आठवड्यात बाकीच्यांपैकी सहा जणांनी पैसे द्यायला साफ नकार दिला. "आम्हाला कळवलंच नव्हतं," हे त्यांचं एकच म्हणणं. आणि खरं सांगायचं तर ते बरोबर होतं. ज्याला आधी सूचना द्यायला हवी असा विषय ऐनवेळी घेता येत नाही. न आलेल्याला, आपण न गेल्याने काय ठरणार आहे, हे आधी कळायला नको का? वडील त्या नऊजणांत होते, माझ्याशीही दोन दिवस नीट बोलले नाहीत.

शेवटी पाच पूर्ण दिवसांची सूचना देऊन विशेष सभा बोलावली. विषय एकच: गच्ची दुरुस्ती व वर्गणी. यावेळी एकोणीस आले. तळमजल्यावरच्या दुप्पट जागेच्या दुकानदारालाही मत एकच, कारण मत माणसाला, चौरस फुटांना नाही. एका काकांनी पुतण्याबरोबर चिठ्ठी पाठवली, पण असं दुसऱ्याच्या हातून मत देता येत नाही. त्याला चहा देऊन परत पाठवलं. अकरा विरुद्ध आठ. गंमत म्हणजे विरोधातल्या आठही जणांनी पैसे भरले. हरले होते, पण विचारलं गेलं होतं.

2013 च्या दुरुस्तीनंतर सूचना थोडी बदलली. सभेची मुदत 14 ऑगस्टवरून 30 सप्टेंबर झाली, आणि सरकारी यादीतला वैधानिक लेखापरीक्षक सभाच नेमू लागली. तहकुबीचं वाक्य मात्र अजून तसंच आहे.

यंदाची सूचना मीच लिहितोय. रंगकामाला स्वतंत्र क्रमांक दिला आहे, शेजारी रक्कमही. थकबाकीची ओळ सूचनेतच छापणार आहे. वडील असते तर म्हणाले असते, कागद वाया घालवतोस.