दोन वस्तुमानं, दोन स्प्रिंग आणि आयगेनव्हॅल्यू: गाडीच्या चाकातून समजून घेऊया नॉर्मल मोड

जळगावहून भुसावळकडे निघालं की राष्ट्रीय महामार्ग ५३ वर (जुना क्रमांक ६) नशिराबाद लागतं. अशा महामार्गावर टोलनाका किंवा मोठं वळण येण्याआधी रस्त्यावर आडव्या जाड पट्ट्या मारलेल्या असतात. त्यांना आपण रंबलर म्हणतो. त्यावरून गाडी गेली की सीटखाली थरथर जाणवते. खचलेल्या रस्त्यावर हीच गाडी थरथरत नाही, ती होडीसारखी सावकाश वर-खाली होते. गाडी तीच आणि स्प्रिंगही त्याच, मग हलण्याच्या दोन इतक्या वेगळ्या पद्धती कशा?

याचं उत्तर दोन ओळींच्या मॅट्रिक्समध्ये आहे. इंजिनिअरिंगला आयगेनव्हॅल्यू काढायला शिकवतात, पण तो आकडा नेमका कशाचा हे बऱ्याचदा राहून जातं. ते इथे बघूया.

नॉर्मल मोड म्हणजे काय?

आधी एक सोपी जोडी घेऊ. गुळगुळीत टेबलावर `m` वस्तुमानाचे दोन सारखे ठोकळे आहेत. प्रत्येक ठोकळा आपापल्या बाजूच्या भिंतीला `k` स्प्रिंगने जोडलाय, आणि दोघांच्या मध्ये `kc` ही तिसरी स्प्रिंग आहे. एकच ठोकळा ओढून सोडला तर हालचाल गोंधळाची दिसते. पहिला हलतो, मग दुसरा हलायला लागतो, पहिला मंदावतो, पुन्हा उलट.

पण दोन सुरुवाती अशा आहेत की गोंधळ होतच नाही. दोन्ही ठोकळे एकाच दिशेला सारखेच ओढून सोडले तर मधली स्प्रिंग ताणलीच जात नाही. ती जणू नाहीच, म्हणून ω² = k/m. दोन्ही विरुद्ध दिशांना सारखे ओढले तर मधल्या स्प्रिंगचा मध्यबिंदू जागेवर राहतो, आणि प्रत्येक ठोकळ्याला ती दुप्पट कडक लागते. म्हणून ω² = (k + 2kc)/m.

या दोन हालचालींना नॉर्मल मोड म्हणतात. मोडमध्ये सगळी वस्तुमानं एकाच वारंवारतेने हलतात, आणि त्यांच्या हालचालींचं एकमेकांशी प्रमाण शेवटपर्यंत बदलत नाही. बाकी कुठलीही हालचाल ही या दोन मोडची बेरीज असते.

गाडीचा पाव भाग

ठोकळे सारखे होते म्हणून मोड नुसत्या अंदाजाने सापडले. गाडीत तशी सोय नसते. गाडीच्या चार कोपऱ्यांपैकी एक कोपरा घेऊ. वर बॉडीचा चौथा हिस्सा, त्याखाली सस्पेन्शनची स्प्रिंग, त्याखाली चाक, आणि चाक व रस्ता यांच्यामध्ये टायर. हवा भरलेला टायर हीसुद्धा एक स्प्रिंगच आहे, आणि चांगलीच कडक. छोट्या कारसाठी साधारण असे आकडे घेऊ:

- बॉडीचा चौथा हिस्सा `ms` = ३०० किलो
- चाक आणि त्याला जोडलेले भाग `mu` = ४० किलो
- सस्पेन्शन स्प्रिंग `ks` = २०,००० न्यूटन प्रति मीटर
- टायर `kt` = १,८०,००० न्यूटन प्रति मीटर

बॉडीचं वर-खाली होणं `x1` आणि चाकाचं `x2`. दोन्ही गाडी स्थिर उभी असतानाच्या जागेपासून मोजायचं. त्यामुळे गुरुत्वाकर्षण समीकरणातून आपोआप निघून जातं. रस्ता सपाट धरला आणि शॉकअप तूर्तास बाजूला ठेवला, तर न्यूटनच्या नियमाने:

```
ms * x1'' = -ks * (x1 - x2)
mu * x2'' =  ks * (x1 - x2) - kt * x2
```

अडचण अशी की पहिल्या समीकरणात `x2` आहे आणि दुसऱ्यात `x1`. एक सोडवायला दुसरं लागतं. यालाच जोडलेली, म्हणजे कपल्ड प्रणाली म्हणतात.

इथे आयगेनव्हॅल्यू कुठून आली?

मोडमध्ये दोन्ही वस्तुमानं एकाच ω ने हलतात, हे आपल्याला माहीत आहे. म्हणून x1 = A·cos(ωt) आणि x2 = B·cos(ωt) ठेवून बघू. दोनदा डेरिव्हेटिव्ह घेतला की प्रत्येक ठिकाणी फक्त −ω² बाहेर येतो, आणि वेळ समीकरणातून निघून जाते:

```
K v = ω² M v      v = [A, B]

K = [  20000   -20000 ]     M = [ 300    0 ]
    [ -20000   200000 ]         [   0   40 ]
```

दुसऱ्या ओळीतले २,००,००० म्हणजे `ks + kt`, कारण चाकाला वरून सस्पेन्शन आणि खालून टायर अशा दोन स्प्रिंग धरून आहेत.

हाच आयगेनव्हॅल्यू प्रश्न. आयगेनव्हॅल्यू म्हणजे ω², आणि आयगेनव्हेक्टर म्हणजे बॉडी आणि चाक यांच्या हालचालीचं प्रमाण. v शून्य नसावा यासाठी det(K − λM) = 0 लागतं. λ म्हणजेच ω². हा डिटरमिनंट उलगडला की साधं वर्गसमीकरण मिळतं:

```
λ² - 5066.67 λ + 300000 = 0
λ1 = 59.92      λ2 = 5006.75
```

वर्गमूळ काढून 2π ने भागलं की पहिली वारंवारता १.२३ हर्ट्झ आणि दुसरी ११.२६ हर्ट्झ येते. आता λ पुन्हा पहिल्या ओळीत ठेवून प्रमाण काढू.

पहिल्या मोडमध्ये चाक बॉडीच्या ०.१०१ पट हलतं, तेही त्याच दिशेने. बॉडी १० मिलिमीटर हलली तर चाक जेमतेम १. खचलेल्या रस्त्यावरचं होडीसारखं डुलणं ते हेच.

दुसऱ्या मोडमध्ये चाक बॉडीच्या ७४ पट हलतं, आणि विरुद्ध दिशेने. चाक वरच्या आणि खालच्या स्प्रिंगच्या मध्ये नाचतं आणि बॉडी जवळपास जागेवरच असते. याला व्हील हॉप म्हणतात.

उत्तर बरोबर आहे का, हे कॅल्क्युलेटरवर तपासता येतं. पहिल्या मोडमध्ये बॉडी एकामागे एक लावलेल्या दोन स्प्रिंगवर बसली आहे असं समजा. मिळून कडकपणा १८,००० न्यूटन प्रति मीटर होतो, आणि १८०००/३०० = ६०. दुसऱ्या मोडमध्ये बॉडी भिंतीसारखी स्थिर धरा: २०००००/४० = ५०००. दोन्ही आकडे खऱ्या उत्तराला चिकटून आहेत. तुमचं उत्तर यापासून लांब गेलं तर मॅट्रिक्समधलं एखादं चिन्ह चुकलंय.

पायथॉनमध्ये

```python
import numpy as np
from scipy.linalg import eigh

ms, mu = 300.0, 40.0     # kg
ks, kt = 20e3, 180e3     # N/m

M = np.diag([ms, mu])
K = np.array([[ ks, -ks],
              [-ks,  ks + kt]])

lam, X = eigh(K, M)
print(np.sqrt(lam) / (2 * np.pi))   # 1.23, 11.26
print(X[1] / X[0])                  # 0.101, -74.1
```

इथे `eigh(K, M)` असंच लिहायचं. `K / M` लिहिलं तर पायथॉन प्रत्येक घटकाला घटकाने भागतो, तिरप्या रेषेबाहेरच्या जागी शून्याने भागाकार होतो आणि `-inf` येतं. `np.linalg.eig(np.linalg.inv(M) @ K)` चालतं, पण त्यात आयगेनव्हॅल्यू चढत्या क्रमाने येतीलच असं नाही, आणि M⁻¹K सममित राहत नाही.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना अडवते. दोन आयगेनव्हेक्टरचा साधा डॉट प्रॉडक्ट काढला तर तो शून्य येत नाही. व्हेक्टर [1, 0.1012] आणि [−0.0135, 1] घेतले तर उत्तर ०.०८८ च्या आसपास येतं. यात चूक काही नाही. वस्तुमानं वेगळी असली की काटकोन M मधून मोजायचा असतो: 300·1·(−0.0135) + 40·0.1012·1, हे पूर्णांकनाचा फरक सोडला तर शून्य आहे.

आता पुन्हा रंबलरवर

पट्ट्यांमधलं अंतर d आणि गाडीचा वेग v असेल तर चाकाला सेकंदाला v/d धक्के बसतात. समजा अंतर १ मीटर आहे. मग ११.२६ हर्ट्झ गाठायला ११.२६ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी साधारण ४० किलोमीटर वेग लागतो. अंतर अर्धा मीटर असेल तर ताशी २०. या वेगाला धक्के नेमके व्हील हॉपच्या तालात बसतात. पहिल्या मोडसाठी मात्र ताशी ६० च्या वेगाला रस्त्यावरची लाट साडेतेरा मीटर लांब हवी, आणि पट्ट्यांची लांबी तिच्या जवळपासही नाही. म्हणून रंबलरवर गाडी थरथरते, डुलत नाही.

ही थरथर फक्त त्रासाची नाही. आपल्या कोपऱ्याचं वजन ३४० किलो, म्हणजे टायरवर सुमारे ३,३३५ न्यूटन भार. टायर दर मिलिमीटरला १८० न्यूटन देतो. म्हणजे चाक साडेअठरा मिलिमीटर वर उडालं की रस्त्यावरचा भार शून्य, आणि भार नाही तर ब्रेकची पकडही नाही. त्याच क्षणी या मोडच्या प्रमाणात बॉडी हलते फक्त पाव मिलिमीटर! ड्रायव्हरला सीटवर बारीक थरथर कळते, खाली टायर रस्ता सोडतोय हे कळत नाही. आणि हे सगळं होतं नेमकं ब्रेक लावायच्या जागी.

शॉकअप आला की काय बदलतं?

चाकाला तिथवर उडू न देणं हे शॉकअपचं काम. १,५०० न्यूटन-सेकंद प्रति मीटरचा शॉकअप धरला तर दोन्ही मोडचं डॅम्पिंग गुणोत्तर साधारण ०.३ च्या आसपास येतं. वारंवारता फार तर पाच-सहा टक्क्यांनी हलते. त्यामुळे वरचे आकडे उपयोगाचे राहतात.

पण एक मर्यादा आहे. शॉकअप बॉडी आणि चाक यांच्यामध्येच बसतो, टायरला समांतर असा वेगळा शॉकअप नसतो. त्यामुळे डॅम्पिंगची मॅट्रिक्स M आणि K यांच्या बेरजेतून तयार होत नाही, आणि दोन मोड पूर्ण वेगळे राहत नाहीत. थोडी शक्ती एकातून दुसऱ्यात जाते, आणि बॉडी पाव मिलिमीटरपेक्षा जास्त हलते. नेमकं उत्तर हवं असेल तर जागा आणि वेग मिळून ४×४ मॅट्रिक्स बनवायची आणि तिथे `eig` वापरायचं. आयगेनव्हॅल्यू कॉम्प्लेक्स येतात. रिअल भाग कंपन किती लवकर विझतं ते सांगतो, इमॅजिनरी भाग वारंवारता सांगतो.

गॅरेजमध्ये मेकॅनिक कोपरा दाबून सोडतो तेव्हा तो पहिला मोड तपासत असतो. एक-दीड हेलकाव्यात गाडी थांबली नाही तर शॉकअप गेलेला. पण हाताने दुसरा मोड हलवता येत नाही. त्याची खूण टायरवर दिसते: रबर गोलाई धरून जागोजागी खोलगट झिजलेलं असतं, कारण दर हॉपला चाक आपटतं आणि घासतं.