बाराव्या दिवसापासून चौथ्या महिन्यापर्यंत : आमच्या कानटोचणीची वाटचाल

तालुक्याच्या गावात आमचं बालरुग्णालय सुरू झालं तेव्हा कान टोचणं हे दवाखान्याचं काम आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. ते काम सोनाराचं. बारशाला किंवा बाराव्या दिवशी सोनार घरी यायचा, सोन्याची बारीक तार कानाच्या पाळीतून आरपार काढायचा, तिथंच पीळ घालून बाळी करायचा, आणि शिधा, नारळ नि दक्षिणा घेऊन जायचा. भोकाला हळद-खोबरेल लावलं की झालं. आमच्याकडे बाळ यायचं ते कान चिघळल्यावर.

सुरुवातीची बरीच वर्षं विचारणाऱ्यांना आम्ही ‘एवढ्यात टोचू नका’ एवढंच सांगायचो. लोक मान डोलवायचे आणि बाराव्या दिवशी टोचून मोकळे व्हायचे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना नकार नको होता, तारीख हवी होती. आमच्या कामाला पुढे जी दिशा मिळाली ती या एका गोष्टीतून.

सतराव्या दिवशी आलेलं बाळ

त्या काळातलं एक बाळ आजही नव्या सिस्टरांना शिकवताना आम्ही उदाहरण म्हणून सांगतो. पूर्ण दिवसांची, चांगल्या वजनाची मुलगी. बाराव्या दिवशी कान टोचले. चौदाव्या दिवशी डाव्या कानाची पाळी लाल झाली, म्हणून आजीने हळदीचा लेप वाढवला. सोळाव्या दिवशी लेपाखाली पिवळी खपली धरली. सतराव्या दिवशी सकाळपासून बाळ दूध ओढेना, अंग तापलेलं. इथे आणलं तेव्हा ताप १०१ फॅरनहाइट होता आणि लेप धुतल्यावर पाळीतून पू आला.

मोठ्या मुलाला असं झालं तर तोंडाने औषध देऊन घरी पाठवता येतं. पहिल्या महिन्यातल्या बाळाला तसं पाठवता येत नाही. त्या वयात प्रतिकारशक्ती कच्ची असते, आणि पाळीतला जंतू तिथंच न थांबता रक्तात उतरू शकतो. म्हणून बाळाला दाखल केलं, रक्त आणि पाठीतलं पाणी तपासायला पाठवलं आणि अहवालाची वाट न पाहता शिरेतून प्रतिजैविकं सुरू केली. रक्तात स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू वाढला. तो आपल्या त्वचेवर आणि नाकात एरवीही असतो, आणि पाळीतला पू बहुतेक वेळा त्याचाच. पाठीतलं पाणी स्वच्छ निघालं, ही नशिबाची गोष्ट. दोन आठवडे औषध चाललं. मुलगी पूर्ण बरी झाली.

त्या घरात कुणी निष्काळजी नव्हतं. सोनाराने तार ज्योतीवर धरली होती, हातही धुतले होते. पण भोक पाडून झाल्यावर जे तेल लावलं त्याची वाटी घरातल्या मालिशीची होती, दिवसातून कितीतरी बोटं तिच्यात बुडत. अशी चूक परदेशातल्या दुकानातही होते. २००० साली अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात कान टोचून देणाऱ्या एका ठिकाणाहून बऱ्याच जणांना कानाचा जंतुसंसर्ग झाला. शोध घेतल्यावर जंतू सापडला तो जंतुनाशकाच्याच बाटलीत. टोचण्याचं हत्यार स्वच्छ असणं पुरत नाही. त्या जखमेला जे जे लागतं ते सगळं स्वच्छ असावं लागतं.

सोनाराशी बोलणी

नुसतं ‘थांबा’ म्हणून भागत नाही हे उघड होतं, म्हणून आम्ही गावातल्या सोनारांना भेटलो. त्यांच्याकडून दोन गोष्टी कळल्या. एक, त्यांनाही इतकं लहान बाळ टोचायला आवडत नव्हतं. पाळी पातळ, बाळ हलतं, भोक खाली गेलं तर पुढे जड दागिन्याने पाळी फाटते आणि बोल सोनाराला लागतो. दुसरी, त्यांचा प्रश्न मानाचा होता. घरातल्या कार्यात सोनाराला बोलावणं चुकू नये, एवढंच त्यांचं म्हणणं.

तेव्हा ठरलं ते असं. बारशाला सोनाराने यावं, सोन्याची तार बाळाच्या कानाला नुसती लावावी, शिधा घ्यावा. बाळी त्यानेच घडवावी. भोक मात्र नंतर दवाखान्यात पडेल. सोनारानेच कान टोचावेत अशी म्हण आपल्याकडे आहे. हा सल्लाही सोनाराच्या तोंडून आला की घरची मंडळी ऐकतात, हे आम्ही लवकरच शिकलो.

शास्त्राचा आधार शोधायलाही लांब जावं लागलं नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात कर्णवेधासाठी सहावा किंवा सातवा महिना सांगितला आहे. बाळाला मांडीवर घ्यावं, खेळण्यांनी रिझवावं, पाळी उन्हाकडे धरून जिथे प्रकाश आरपार दिसतो तिथे विंधावं, असा तो विधी आहे. तिथल्या शिरा दुखावल्या तर ताप आणि सूज येते, हेही त्यात लिहिलं आहे. ‘बाराव्या दिवशीच का?’ असा वाद घालण्यापेक्षा ‘सहाव्या महिन्याचाही मुहूर्त आहे’ हे सांगणं सोपं पडलं. आज्यांचा विरोध तिथे निम्मा गळाला.

चौथा महिना का

आमची तारीख लसीवरून ठरली. बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटाव्हॅलंट लस मिळते. तिच्यात धनुर्वात आणि कावीळ-बी या दोन्हींपासून संरक्षण असतं, आणि कान टोचताना भीती असते ती याच दोघांची. काही घरांत बाराव्या दिवशी बाळाला धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन टोचायचं असतं. त्याचा उपयोग नाही, कारण लस अंगी लागायला आठवडे जातात. पहिल्या महिन्यांत बाळाला धनुर्वातापासून वाचवते ती आईने गरोदरपणी घेतलेली लस. २०१५ साली भारतातून नवजात धनुर्वात आटोक्यात आल्याचं जाहीर झालं, त्यात या लसीचा मोठा वाटा आहे.

तिसरा डोस झाला की किमान दोन आठवडे जाऊ द्यायचे. लस अंगी लागायला वेळ मिळतो, आणि बाळ तापलं तर ते लसीने की कानाने, हा घोळ राहत नाही. म्हणून आमचं दार चार महिने पूर्ण झाल्यावर उघडतं. सहा-सात महिन्यांनंतर बाळ स्वतःचा कान ओढू लागतं आणि हाताला लागेल ते तोंडात घालतं. त्यामुळे रूढीपोटी टोचायचेच असतील तर चार ते सहा महिने ही मधली फट आम्हाला बरी वाटते. ज्यांना थांबता येतं त्यांना आम्ही मुलगी स्वतः मागेल तोवर थांबा असंच सांगतो.

टोचणीची पद्धत

बाळी आदल्या दिवशी आमच्याकडे पोचती करायची. ती साध्या भरीव तारेची, २२ कॅरेटची, खडा आणि मीना नसलेली हवी. कारण तिला आम्ही ऑटोक्लेव्हमध्ये घालतो, १२१ अंश सेल्सिअसला, १५ पौंड दाबाखाली अर्धा तास. पोकळ दागिन्यात लाख भरलेली असते, ती या उष्णतेत वितळते. निकेल मिसळलेलं पांढरं सोनं किंवा बाजारातला मुलामा दिलेला दागिना नको. निकेलची ॲलर्जी एकदा जडली की जन्मभर राहते, आणि ती जडायला ताजं भोक ही हुकमी जागा आहे.

बंदुकीने टोचून घ्यायची फॅशन मधल्या काळात आली, तेव्हा आमच्याकडेही विचारणा झाली. आम्ही ती घेतली नाही. तिच्या प्लास्टिकच्या भागांना ऑटोक्लेव्हची उष्णता सोसत नाही, आणि बोथट खिळा पाळी भोसकताना ती चेचतो.

टोचायच्या तासभर आधी भूल देणाऱ्या मलमाचा डाळीएवढा ठिपका पाळीवर लावून वर पट्टी चिकटवतो. वयानुसार मलमाची कमाल मात्रा ठरलेली आहे, ती ओलांडली तर रक्ताच्या प्राणवायू वाहण्यावर परिणाम होतो. म्हणून हे मलम घरून लावून आणू नये. मग आईच्या मांडीवर बाळ सरळ बसवून दोन्ही पाळ्यांवर निर्जंतुक पेनने ठिपके काढतो आणि आईला समोरून बघायला लावतो. ठिपका मध्यावर, किंचित वर. स्पिरिटने पुसून ते पूर्ण वाळू देतो. सलाइनची नवी कोरी बारीक सुई पाळीतून नेली की आतली सुई काढून घेतो, तिची प्लास्टिकची नळी भोकात राहते. त्या नळीत बाळीचं टोक सरकवायचं आणि नळी मागे ओढायची, की बाळी जागेवर येते. लगेच आई पाजायला घेते.

घरी गेल्यावर

आमच्या छापील कागदावरचा मजकूर वर्षागणिक कमी होत गेला, कारण लोक थोडंच वाचतात. हात धुऊन दिवसातून दोनदा निर्जंतुक सलाइनने भोक पुसा. हळद, तेल, हायड्रोजन पेरॉक्साइड नको. बाळी गोल फिरवू नका, त्याने आत भरत आलेली त्वचा फाटते. टाळू भरताना तेल कानावर ओघळतं आणि डाळीच्या पिठाचे कण भोकात अडकतात, म्हणून सहा आठवडे मालिशवाल्या मावशींना कान सोडून द्यायला सांगा. कुंची आणि विणलेली टोपडी तेवढे दिवस पेटीत ठेवा. त्यांचे धागे बाळीत गुंततात.

फिरकीचा टॉप घालू नका असं आम्ही ठळक छापतो. सुरुवातीला पाळीला थोडी सूज येतेच. फिरकी घट्ट असेल तर सुजेने ती मागून पाळीत रुतते, वर कातडी येते, आणि ‘फिरकी हरवली’ म्हणून आई येते तेव्हा ती पाळीच्या आत असते. मग चीर देऊन काढावी लागते.

दोन-तीन दिवस थोडी लाली आणि पाणचट खपली चालेल. लाली पसरत गेली, पाळी गरम आणि टणक झाली, पिवळा पू आला तर त्याच दिवशी या. बाळी मनाने काढू नका. भोक वरून मिटलं तर पू आत कोंडतो. तीन महिन्यांच्या आतलं बाळ इतरत्र टोचून आलं असेल आणि ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल, तर रात्र असली तरी थांबू नका.

भिकबाळी

अलीकडे मुलग्यांच्या भिकबाळीसाठी विचारणा वाढली आहे. ती आम्ही करत नाही. भिकबाळी जाते कानाच्या वरच्या भागातून, आणि तिथे कूर्चा असते. कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, तिला वरचं पातळ आवरण पोसतं. तिथे पू झाला की आवरण सुटतं, कूर्चा मरते, आणि कान आक्रसून कायमचा वेडावाकडा होतो. त्या जागी बरेचदा स्यूडोमोनास नावाचा जंतू असतो, आणि नेहमीची प्रतिजैविकं त्याला दाद देत नाहीत. वरचा कान लाल सुजलेला आणि पाळी मात्र साधी दिसत असेल, तर हेच समजावं आणि तासांत हालचाल करावी.

ज्यांना नवस किंवा घरची रीत म्हणून भिकबाळी हवीच असते त्यांना आम्ही एक पर्याय देतो : आता उजव्या पाळीत साधी बाळी घाला, भिकबाळीचा निर्णय मुलगा मोठा झाल्यावर स्वतः घेईल. निम्मी घरं ऐकतात. उरलेल्यांशी बोलणी चालू आहेत, आणि त्यासाठी येत्या वर्षात पुन्हा सोनारांकडे जायचं ठरलं आहे.