सत्र-कुकी व स्वाक्षरित टोकन

वेबवरील एखाद्या सेवेत नाव व परवलीचा शब्द देऊन एकदा प्रवेश मिळविलेल्या वापरकर्त्याची ओळख पुढील प्रत्येक विनंतीच्या वेळी टिकवून धरण्याच्या दोन पद्धती. पहिल्या पद्धतीत सर्व्हर प्रवेशाची नोंद स्वतःजवळ ठेवतो व ब्राउझरला त्या नोंदीचा केवळ क्रमांक देतो. हा क्रमांक ज्या कुकीतून जातो तीस सत्र-कुकी म्हणतात. दुसऱ्या पद्धतीत नोंदीतील मजकूरच ब्राउझरच्या स्वाधीन केला जातो आणि त्यात फेरफार झाल्यास तो ओळखू यावा म्हणून त्यावर गुप्त किल्लीने काढलेली खूण जोडली जाते. यास स्वाक्षरित टोकन म्हणतात. कापडगिरणीच्या सामानघरात मिळणारा पितळी बिल्ला आणि अधिकाऱ्याच्या सही-शिक्क्याचे ओळखपत्र यांत जो फरक, तोच या दोहोंत आहे. बिल्ल्याचा अर्थ सामानघराच्या वहीवाचून कळत नाही. ओळखपत्राचा अर्थ ते पाहताच कळतो, पण दिल्यानंतर ते परत घेणे अवघड असते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. कुकी हे वाहतुकीचे साधन आहे, तर टोकन हा वाहून नेण्याचा मजकूर आहे. स्वाक्षरित टोकन कुकीतूनही पाठविता येते. त्यामुळे खरा भेद कुकी व टोकन यांतील नसून प्रवेशाची नोंद कोणाजवळ राहते, हा आहे.

उगम : वेबची वाहतूक ज्या एचटीटीपी या नियमावलीनुसार चालते, तीत प्रत्येक विनंती स्वतंत्र असते. मागील विनंती कोणी केली होती, हे सर्व्हर लक्षात ठेवीत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी नेटस्केप या कंपनीतील लू माँटुली यांनी १९९४ मध्ये कुकीची योजना केली. एमसीआय या दूरसंचार कंपनीसाठी वेबवरील खरेदीची सोय करावयाची होती. परंतु ग्राहकाची अर्धवट खरेदी आपल्या सर्व्हरवर साठवून ठेवण्यास ती कंपनी तयार नव्हती. म्हणून ती माहिती ग्राहकाच्या संगणकावरच ठेवण्याचे ठरले. म्हणजे स्थिती वापरकर्त्याकडे सोपविण्याची कल्पना अलीकडची नसून कुकीच्या जन्माइतकीच जुनी आहे. पुढे प्रवेशाची ओळखही कुकीत ठेवली जाऊ लागली, तेव्हा मात्र प्रश्नाचे स्वरूप बदलले. खरेदीच्या यादीत ग्राहकाने स्वतः बदल केला, तर फारसे बिघडत नाही. कुकीतील नाव बदलून दुसऱ्याच्या खात्यात शिरता आले, तर सर्वच बिघडते.

वॉल स्ट्रीट जर्नलचे उदाहरण : या धोक्याचा पद्धतशीर अभ्यास मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील केव्हिन फू, एमिल सिट, केंड्रा स्मिथ व निक फीमस्टर यांनी केला आणि तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी तपासलेल्या २७ संकेतस्थळांपैकी दोहोंची सुरक्षा त्यांना क्षीण करता आली, आठांत अनधिकृत प्रवेश मिळाला आणि एका ठिकाणी तर कुकी बनविण्याची गुप्त किल्लीच हाती लागली. हे शेवटचे संकेतस्थळ वॉल स्ट्रीट जर्नल या वृत्तपत्राचे होते. स्वाक्षरित टोकनाची कल्पना मुळात योग्य असूनही ती कशी फसते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

त्या संकेतस्थळाच्या कुकीत वापरकर्त्याचे नाव आणि त्यापुढे एक खूण असे. नावाला सर्व्हरचा गुप्त शब्द जोडून येणारी अक्षरमालिका युनिक्स प्रणालीतील crypt या फलनातून काढली की ही खूण मिळे. गुप्त शब्द ठाऊक नसलेल्यास खूण काढता येणार नाही, अशी योजकांची अपेक्षा होती. परंतु crypt हे फलन परवलीच्या शब्दांसाठी रचलेले असून ते दिलेल्या मालिकेची पहिली आठ अक्षरेच विचारात घेते व उरलेली सोडून देते. याचे दोन परिणाम झाले.

पहिला परिणाम असा की, वापरकर्त्याचे नाव आठ किंवा अधिक अक्षरांचे असेल, तर गुप्त शब्दाचे एकही अक्षर हिशेबात येत नाही. अशा नावाची खूण कोणासही घरबसल्या काढता येते. तसेच पहिली आठ अक्षरे समान असणाऱ्या दोन व्यक्तींची खूणही एकच येते.

दुसरा परिणाम अधिक गंभीर होता. समजा, एखाद्याने सात अक्षरी नावाचे खाते उघडले. त्याच्या खुणेत गुप्त शब्दाचे केवळ पहिले अक्षर शिरते. हे अक्षर ओळखण्यासाठी १२८ शक्यता तपासल्या की पुरे. जिची खूण मिळालेल्या खुणेशी जुळेल ती खरी. नंतर सहा अक्षरी नावाचे खाते उघडले, की पहिले अक्षर ठाऊक असल्यामुळे दुसरे तितक्याच चाचण्यांत सापडते. याप्रमाणे एकेक अक्षर कमी करीत गेल्यास सात अक्षरे उकलण्यास जास्तीत जास्त १२८ × ७ = ८९६ चाचण्या लागतात. सर्व अक्षरे एकदम ओळखावयाची असती, तर १२८ चा सातवा घात, म्हणजे सुमारे ५६३ लाख कोटी शक्यता तपासाव्या लागल्या असत्या. संशोधकांना या मार्गाने March20 हा गुप्त शब्द मिळाला. त्यानंतर कोणत्याही ग्राहकाच्या नावाची कुकी परवलीच्या शब्दाशिवाय बनविणे शक्य झाले.

या रचनेत आणखी एक दोष होता. खूण केवळ नाव व गुप्त शब्द यांवरून निघत असल्यामुळे ग्राहकाने परवलीचा शब्द बदलला, तरी ती बदलत नसे आणि तिला मुदतही नसे. एकाची चोरीस गेलेली कुकी निरुपयोगी करावयाची, तर गुप्त शब्द बदलून सर्वांच्याच कुकी रद्द कराव्या लागत.

याच निबंधात संशोधकांनी पर्यायी रचना सुचविली. तीत मुदत, मजकूर व त्या दोहोंवरून काढलेली खूण अशी तीन अंगे आहेत :

```
exp=t&data=s&digest=MAC_k(exp=t&data=s)
```

येथे t ही मुदत, s हा मजकूर व k ही गुप्त किल्ली होय. खूण काढण्यासाठी एचमॅक यासारखी पद्धती वापरावी, असे त्यांनी म्हटले. ही पद्धती मिहिर बेलारे, रान कानेत्ती व ह्यूगो क्राव्हचिक यांनी १९९६ मध्ये मांडली होती. मुदतही खुणेच्या कक्षेत येत असल्यामुळे ती वाढविण्याचा प्रयत्न उघडकीस येतो.

प्रमाणित टोकन : हीच तीन अंगे २०१५ मध्ये आरएफसी ७५१९ या दस्तऐवजाद्वारे प्रमाणित झालेल्या जेडब्ल्यूटी या टोकनात आढळतात. त्याचे शीर्ष, मजकूर व खूण असे तीन भाग टिंबांनी जोडलेले असतात. मजकूर गुप्त नसतो, तो कोणासही वाचता येतो. केवळ बदलता येत नाही. खूण कोणत्या रीतीने काढली, हे शीर्षातील alg या पदात लिहिलेले असते आणि नेमकी हीच जागा पुढे नाजूक ठरली. टोकन पाठविणाराच ते कसे तपासावे हे सांगतो, असा हा प्रकार झाला. काही प्रचलित आज्ञावलींत या पदाचे मूल्य none दिल्यास खूण तपासलीच जात नाही, असे २०१५ मध्ये उघड झाले.

त्याच वेळी दुसरा एक सूक्ष्म दोषही पुढे आला. एचमॅकमध्ये खूण काढणे व तपासणे यांसाठी एकच किल्ली लागते; म्हणून ज्यास टोकन तपासता येते त्यास ते बनविताही येते. अनेक सेवांनी टोकन तपासावयाचे असल्यास किल्ल्यांची जोडी वापरतात : खाजगी किल्लीने स्वाक्षरी केली जाते व जाहीर किल्लीने ती पडताळली जाते. हल्लेखोर शीर्षातील रीत बदलून एचमॅक करी आणि जाहीर किल्ली हीच जणू गुप्त किल्ली आहे असे समजून खूण काढी. सर्व्हरही शीर्षावर विश्वास ठेवून त्याच किल्लीने पडताळणी करी व टोकन खरे ठरवी. म्हणून मान्य रीत सर्व्हरने स्वतः आधी निश्चित करावी व शीर्षातील मूल्य त्याहून भिन्न असल्यास टोकन नाकारावे, असा नियम रूढ झाला. २०२० मधील आरएफसी ८७२५ मध्ये तो नमूद आहे.

तुलना : सत्र-कुकीत खोटी खूण बनविण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. क्रमांक यदृच्छ व पुरेसा लांब, सामान्यतः १२८ बिटांचा, असला म्हणजे तो अंदाजाने सापडत नाही. वापरकर्ता बाहेर पडला, त्याने परवलीचा शब्द बदलला किंवा त्याचे खाते बंद केले, की नोंद पुसताच प्रवेश तत्काळ संपतो. याची किंमत म्हणजे प्रत्येक विनंतीस नोंद शोधावी लागते आणि अनेक सर्व्हर असल्यास त्या सर्वांना एकच सामाईक नोंदसाठा लागतो. तो बंद पडल्यास सर्वांचीच ओळख पुसली जाते.

टोकनास हा साठा लागत नाही, परंतु दिलेले टोकन मुदत संपेपर्यंत चालते. बाहेर पडण्याचे बटण दाबल्यावर ब्राउझरातील प्रत नाहीशी होते. इतरत्र गेलेली प्रत मात्र चालूच राहते. एखाद्या सेवेत हा दोष आहे की नाही, हे सहज पारखता येते : प्रवेश केल्यावर टोकनाची प्रत काढून ठेवावी, बाहेर पडावे आणि त्या प्रतीसह पुन्हा विनंती पाठवावी. ती मान्य झाली, तर बाहेर पडणे केवळ दिखाऊ आहे. यावर रद्द टोकनांची यादी ठेवली, तर प्रत्येक विनंतीस ती यादी पाहणे आले आणि टाळू पाहिलेला नोंदसाठा दुसऱ्या दाराने परत आला.

रद्द करण्याच्या सोयीचे मोल फेसबुकवरील २०१८ च्या सप्टेंबरमधील हल्ल्यात दिसून आले. प्रवेशाची टोकने चोरीस गेल्याचे आढळताच कंपनीने बाधित समजलेल्या सुमारे ५ कोटी व सावधगिरी म्हणून आणखी ४ कोटी खात्यांची टोकने रद्द केली आणि त्या वापरकर्त्यांना पुन्हा प्रवेश करावयास लावले. प्रत्यक्षात सुमारे ३ कोटी खात्यांची टोकने चोरीस गेली होती, असे पुढे निष्पन्न झाले.

चोरीपुढे मात्र दोन्ही पद्धती सारख्याच दुर्बल आहेत. क्रमांक असो वा टोकन, ज्याच्या हाती ते पडेल त्यास सर्व्हर खरा वापरकर्ता समजतो. म्हणून कुकीस Secure व HttpOnly हे गुणविशेष देतात. पहिल्यामुळे ती कूटबद्ध जोडणीवरूनच जाते, तर दुसऱ्यामुळे पानातील आज्ञावलीस ती वाचता येत नाही. टोकन ब्राउझरच्या स्थानिक साठ्यात ठेवल्यास हे दुसरे संरक्षण मिळत नाही.

व्यवहारात दोन्ही पद्धतींचा संयोग पुष्कळ ठिकाणी आढळतो. पाच ते पंधरा मिनिटे मुदतीचे स्वाक्षरित टोकन नित्याच्या विनंत्यांसाठी देतात आणि ते संपल्यावर नवे मिळविण्यासाठी दीर्घ मुदतीचे दुसरे टोकन देतात. या दुसऱ्याची नोंद सर्व्हरवर असते. नोंद पुसल्यास चोरलेला प्रवेश अधिकात अधिक त्या काही मिनिटांपुरताच उरतो. ज्या सेवेचे सर्व काम एकाच नोंदसाठ्यावर चालते, तिला मात्र या दुहेरी व्यवस्थेची गरज नसते. तेथे साधी सत्र-कुकी पुरेशी होते.